ह्याला उत्तर द्या

सकाळी ९.१०

एप्रिल लागला की पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचा हंगाम उतरणीला येतो. पॅकहाऊसमधली गर्दी ओसरते, प्रीकूलिंगच्या निम्म्या खोल्या रिकाम्या होतात. फेब्रुवारीत गेलेले कंटेनर मात्र आता तिकडे पोहोचून उघडलेले असतात, आणि पैसे, कागद, तक्रारी उलट्या दिशेने यायला लागतात. माझं टेबल डॉक्युमेंटेशनचं. बुधवारी, २ तारखेला, संगणक लावला तर ड्राइव्हवर एक पीडीएफ येऊन पडली होती. ५८ पानं, ४३ मेल. व्हॉट्सअॅपवर मालकांचा, म्हणजे अण्णांचा निरोप: “ताई, ड्राइव्हवर फाईल टाकलीय. ह्याला उत्तर द्या.”

फोन लावला. अण्णा बागेत होते, मागे ट्रॅक्टर चालू. “चारला बोलू. तोवर मसुदा करून ठेवा,” एवढंच म्हणाले.

विषयात कंटेनर नंबर होता, त्यावरून प्रकरण ओळखलं. रॉटरडॅमच्या बायरला गेलेला थॉमसनचा रीफर. २० पॅलेट, पॅलेटला १३० बॉक्स, बॉक्सला ५ किलो, म्हणजे २,६०० बॉक्स आणि १३,००० किलो. दर किलोला २.२० युरो, सीएफआर रॉटरडॅम. बीजक २८,६०० युरोचं, अर्धे पैसे कागदपत्रांवर आलेले, अर्धे बाकी. जहाज २२ फेब्रुवारीला न्हावा शेव्याहून सुटलं. तांबड्या समुद्राचा रस्ता टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, त्यामुळे कंटेनर २७ मार्चला पोहोचला. ३३ दिवस. थॉमसनसाठी हे दिवस थोडे नाहीत.

९.३०

‘ह्याला’ म्हणजे नक्की कशाला, हे आधी ठरवावं लागतं. सांगणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा शेवटचा मेल असतो, कारण त्याने वाचलेला तेवढाच असतो. इथे शेवटचा मेल होता मंगळवारी संध्याकाळचा, बायरच्या अकाउंट्स विभागाचा. चार ओळी. तुमच्या सेल्स विभागाने मान्य केल्याप्रमाणे ७,०९८ युरोची क्रेडिट नोट शुक्रवारपर्यंत पाठवावी, म्हणजे उरलेल्या रकमेचा हिशेब मिटवता येईल.

ह्या चार ओळींना चार ओळींचं उत्तर दहा मिनिटांत होतं. ‘मिळालं, तपासून कळवतो.’ असं उत्तर मी देत नाही. अकाउंट्सची बाई तिला वरून जे सांगितलं तेच लिहिते, वाद कुठे आहे हे तिला ठाऊक नसतं. खरा प्रश्न कुणीतरी आधीच्या पानांत विचारलेला असतो आणि बऱ्याचदा तो तिथेच पडून असतो. म्हणून शेवटचा मेल एकदा वाचून बाजूला ठेवला आणि पहिल्या पानावर गेले.

फाईल कशी तयार झाली आहे, हेही पाहून घेते. ही जीमेलमधून `Print all` करून काढलेली होती. अशा फाईलमध्ये सगळ्यात जुना मेल वर आणि नवा खाली येतो, प्रत्येक मेलवर कुणी, कुणाला, कॉपी कुणाला ते छापलेलं असतं, आणि खालचा जुना मजकूर गाळून तिथे फक्त `[Quoted text hidden]` उरतं. जोडलेल्या फायलींची नावं दिसतात, फायली दिसत नाहीत. ‘सर्व्हे रिपोर्ट, १.८ एमबी’ हे वाचायला मिळतं, रिपोर्ट मिळत नाही. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. कुणी उत्तर देताना विषय बदलला, तर जीमेल तिथून वेगळी साखळी करतं. ती साखळी ह्या फाईलमध्ये नसते.

१०.००

कागदावर रकाने आखले. तारीख आणि वेळ, कुणी, कुणाला, काय विचारलं किंवा कबूल केलं, आणि शेवटी ‘उत्तर गेलं का?’. हे स्क्रीनवर करत नाही, कारण स्क्रीनवर फाईल उघडी हवी आणि हाताखाली कागद.

वेळेचा रकाना नीट भरावा लागतो. ३० मार्चच्या रविवारी नेदरलँड्समधली घड्याळं एक तास पुढे गेली. त्याआधी ते आपल्या साडेचार तास मागे होते, त्यानंतर साडेतीन. फाईल आपल्या मेलबॉक्समधून निघाली असल्याने छापलेल्या वेळा आपल्या आहेत, पण बायर मजकुरात ‘आज दुपारी बारापर्यंत’ लिहितो तेव्हा ते त्याचे बारा असतात. कोणता मेल कशाच्या आधी गेला यावर वाद असला, तर हा एक तास नडतो.

पहिले पंचवीसेक मेल पटापट गेले. लोडिंगचे फोटो, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, बिल ऑफ लेडिंगचा मसुदा, तारीख पुढे गेल्याचं शिपिंग लाइनचं पत्र. पुढचे मात्र एकेक करून वाचले.

२८ मार्च, शुक्रवार, आपल्या ६.३५ ला बायरच्या क्वालिटी मॅनेजरचा मेल. दार उघडून माल उतरवला, काही पॅलेटमध्ये सड आहे, देठ तपकिरी पडले आहेत. त्याने तीन गोष्टी विचारल्या होत्या. टेम्परेचर लॉगर किती, त्यांचे नंबर काय आणि ते कोणत्या पॅलेटवर ठेवले होते? प्रीकूलिंगची आणि लोडिंगच्या वेळची गराच्या तापमानाची नोंद मिळेल का? संयुक्त पाहणीसाठी तुम्ही सर्व्हेअर पाठवणार का?

२९ मार्च, शनिवार, आमच्या सेल्सचं उत्तर. दोन वाक्यं. झाल्या प्रकाराचं वाईट वाटतं आणि ह्या प्रकरणात आम्ही तुमच्या पाठीशी उभे राहू. तीन प्रश्नांपैकी एकालाही हात लावलेला नाही. मंगळवारच्या मेलमधलं ‘सेल्सने मान्य केल्याप्रमाणे’ ह्याच वाक्यातून आलंय, हे लक्षात आलं. पूर्ण फाईलमध्ये आमच्याकडून रकमेचा किंवा टक्केवारीचा उल्लेख आहे का ते शोधलं. कुठेही नाही.

३१ मार्च, सोमवार, दुपारी १२.५०. पुन्हा क्वालिटी मॅनेजर. आमच्या सर्व्हेअरने ५ पॅलेट पाहिले, सरासरी १८ टक्के सड, रिपोर्ट उद्या देतो. आणि परिच्छेदाच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: तुमच्याकडून काही आलं नाही तर गुरुवारी सकाळपासून आम्ही सगळ्या मालाचं रीपॅकिंग सुरू करू.

हे वाक्य मी खाली रेघ मारून लिहिलं. अकाउंट्सने मुदत दिली होती शुक्रवारची, पण हातातली मुदत गुरुवार सकाळची होती. रीपॅकिंग सुरू झालं की पॅलेट मोडतात, लेबलं निघतात, कोणता बॉक्स कंटेनरमध्ये कुठे होता हे सांगता येत नाही. मग पाहणीला काही उरतच नाही. उत्तर आजच जायला हवं, तेही त्यांचं ऑफिस बंद व्हायच्या आत, म्हणजे आपल्या साडेआठच्या पुष्कळ आधी.

११.४०

रकाना भरत असताना फॉरवर्डरचा सोमवारचा एक मेल अडला. त्याने आम्हाला लिहिलं होतं: ‘तुमच्या क्वालिटीकडून लॉगरचे नंबर मिळाले, लाइनकडे पाठवले आहेत.’ पण फाईलमध्ये आमच्या क्वालिटीचा तसा मेलच नाही. म्हणजे कुणीतरी विषय बदलून वेगळा मेल केला होता. मेल गेला असेल तर तो बायरला गेला का, हा पुढचा प्रश्न.

क्वालिटीच्या सरांना फोन केला.

“सर, लॉगरचे नंबर तुम्ही कुणाला पाठवले होते?”

“शनिवारीच पाठवले की. फॉरवर्डरने मागितले होते.”

“बायरला कॉपी होती का?”

थोडा वेळ शांतता. मग, “नसावी. थांबा, पाठवतो तुम्हाला.”

पाच मिनिटांत मेल आला. विषय ‘लॉगर डिटेल्स’, ‘टू’मध्ये फक्त फॉरवर्डर. दोन लॉगर, एक ३ नंबरच्या पॅलेटवर, दुसरा २० नंबरच्या, दारालगतच्या. म्हणजे उत्तर तयार होतं, बरोबर होतं, आणि विचारणाऱ्यालाच मिळालं नव्हतं. आमच्या लोकांना वाटत होतं आपण सांगितलं, तिकडच्यांना वाटत होतं हे टाळतायत. लांबलेल्या पत्रव्यवहारात चिडचिड बऱ्याचदा ह्यातूनच वाढते. म्हणून मी प्रत्येक उत्तराच्या वरची ‘टू’ आणि ‘कॉपी’ची ओळ मजकुराइतकीच बारकाईने वाचते.

१२.१५

आता रक्कम. ७,०९८ कशी आली हे मेलमध्ये फोडून दिलेलं नव्हतं, म्हणून उलटी गणितं केली. १३,००० किलोचे १८ टक्के म्हणजे २,३४० किलो. त्याला २.२० ने गुणलं की ५,१४८ युरो. उरले १,९५०. २,६०० बॉक्सला प्रत्येकी ७५ सेंट लावले की बरोबर १,९५०. म्हणजे रीपॅकिंगचा खर्च सगळ्या बॉक्सवर धरलेला होता, आणि तेही काम सुरू व्हायच्या आधी.

सर्व्हे रिपोर्ट फाईलमध्ये नव्हता, तो सेल्सकडून मागवून घेतला. त्यात पाच पॅलेटचे आकडे वेगवेगळे दिले होते. पॅलेट ४ मध्ये २ टक्के, ७ मध्ये १, १७ मध्ये २५, १९ मध्ये ३०, २० मध्ये ३२. पाचांची बेरीज ९०, सरासरी १८. सरासरी चुकीची नाही, पण ती २० पॅलेटना लावायची असेल तर पाहिलेले पाच पॅलेट सगळ्या कंटेनरचे प्रतिनिधी असायला हवेत. त्यातले तीन दाराकडचे होते, दोन पुढचे. मधले पॅलेट, ८ ते १६, एकही पाहिलेला नाही.

लोडिंग प्लॅन काढून शेजारी ठेवला. आमच्याकडे १ नंबर म्हणजे यंत्राच्या बाजूचा, २० म्हणजे दाराचा. रीफरमध्ये थंड हवा पुढच्या यंत्रातून निघते, फरशीच्या खाचांखालून दाराकडे जाते, पॅलेटमधून वर चढते आणि छतालगत परत येते. हवा कुठे अडली किंवा यंत्र काही तास बंद राहिलं, तर पहिला फटका दाराकडच्या मालाला बसतो. आकडे तसेच पडलेले दिसत होते.

मग ट्रेसेबिलिटीची यादी उघडली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा प्रत्येक पॅलेट अपेडाच्या ग्रेपनेटवर कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या प्लॉटमधून आला हे नोंदलेलं असतं. पॅलेट ४ आणि पॅलेट १९ एकाच प्लॉटचे निघाले. एकाच दिवशी तोडलेला, एकाच खोलीत थंड केलेला माल. एकात २ टक्के सड, दुसऱ्यात ३०. सड बागेतून आली असती, तर दोन्ही पॅलेटमध्ये थोड्याफार फरकाने दिसायला हवी होती. कंटेनरमधली जागा एवढाच मोठा फरक उरतो.

ह्यावरून ‘चूक लाइनची’ असं लिहायचा मोह होतो, पण आत्ताच तसं लिहिता येत नाही. दाराकडचे पॅलेट सगळ्यात शेवटी चढतात. आमच्याकडे लोडिंग लांबलं असतं आणि तो माल बाहेर तापला असता, तरी हेच चित्र दिसलं असतं. तिकडे उतरवताना दार उघडं ठेवून माल धक्क्यावर राहिला असता, तरीही काहीसं असंच झालं असतं. तेव्हा आमच्या बाजूची नोंद आधी पाहायला हवी होती. क्वालिटी मॅनेजरने शुक्रवारी विचारलेला दुसरा प्रश्न हाच होता.

१.१५

डबा घेऊन क्वालिटीच्या खोलीत गेले. सरांनी लोडिंग शीट काढून दिली. दार उघडल्यापासून सील लागेपर्यंत १ तास ५० मिनिटं. गराचं तापमान दर दोन पॅलेटमागे एकदा घेतलेलं, मण्यात सुई खुपसून. ४ नंबरला ०.१ अंश, १८ ला ०.३, २० ला ०.४. सेट पॉइंट उणे ०.५. शीटवर लोडिंग सुपरवायझरची सही आणि सीलचा नंबर. एसओटू पॅड बॉक्सगणिक घातल्याची नोंदही होती.

“हे सगळं पाठवू का त्यांना?” मी विचारलं.

“पाठवा. लपवायला काय आहे त्यात?” सर म्हणाले. “फक्त २० नंबरचा लॉगर त्यांनी वाचलाय का ते विचारा. पुढचा सापडतो सगळ्यांना, दाराचा बॉक्समध्येच राहून जातो.”

हे मला सुचलं नसतं. फाईलमध्ये बायरने एका लॉगरच्या आलेखाचा उल्लेख केला होता, ‘तापमान ठीक’ असं. तो ३ नंबरवरचा असणार. दाराकडचा लॉगर अजून एखाद्या बॉक्समध्ये, उद्या मोडल्या जाणाऱ्या पॅलेटमध्ये पडून असण्याची शक्यता मोठी होती. शिपिंग लाइनने फॉरवर्डरमार्फत कळवलं होतं की यंत्र पूर्णवेळ सेट पॉइंटवर चाललं. तो आकडा यंत्रातून निघणाऱ्या हवेचा असतो. मालातून फिरून परत येणारी हवा किती गरम होती, हा दुसरा आकडा यंत्राच्या नोंदीत असतोच, लाइनने तो दिलेला नव्हता.

२.२०

मसुदा लिहायला बसले. मेल इंग्रजीत लिहिते, पण आधी मनात क्रम लावते. सगळ्यात वर ती गोष्ट, जी उद्या सकाळी हातातून निसटणार आहे. मग शुक्रवारपासून पडून असलेले प्रश्न, त्यांच्याच क्रमाने. त्यानंतर आमचे प्रश्न. पैशाचं शेवटी. अकाउंट्सच्या मेलला उत्तर देत असले, तरी ‘टू’मध्ये क्वालिटी मॅनेजरला घेतलं आणि अकाउंट्सला कॉपीत ठेवलं. फॉरवर्डरला ह्यातून वगळलं. बायरशी पैशाचं बोलणं त्याच्यासमोर व्हायचं कारण नाही, आणि लाइनकडे मागायचं ते त्याला वेगळ्या मेलने मागता येतं.

मसुद्याचा मराठीतला आशय असा:

> तुमचा १ एप्रिलचा मेल आणि २८ व ३१ मार्चचे मेल एकत्र धरून हे उत्तर देत आहोत.
>
> तातडीचं आधी. गुरुवारी सकाळी रीपॅकिंग सुरू करण्याचं तुम्ही कळवलं आहे. न पाहिलेल्या १५ पॅलेटची संयुक्त पाहणी होईपर्यंत ते थांबवावं अशी विनंती आहे. आमच्या वतीने सर्व्हेअर गुरुवारी [वेळ – अण्णा] वाजता येईल. पाहणी संपताच माल लगेच हलवायला आमची हरकत नाही.
>
> लॉगर दोन आहेत, पॅलेट ३ आणि पॅलेट २० वर. नंबर जोडले आहेत. ही माहिती २९ मार्चला फॉरवर्डरला गेली होती, तुम्हाला थेट मिळाली नाही, याबद्दल दिलगीर आहोत. प्रीकूलिंगची नोंद आणि लोडिंगच्या वेळचं गराचं तापमान जोडलं आहे.
>
> पॅलेट २० वरचा लॉगर मिळाला आहे का? असल्यास त्याची नोंद पाठवावी, नसल्यास पॅलेट मोडण्याआधी तो काढून घ्यावा. शिपिंग लाइनला नुकसानीची लेखी सूचना दिल्याचं तुम्ही म्हटलं आहे. तिची प्रत मिळावी.
>
> सर्व्हे रिपोर्टप्रमाणे पाहिलेल्या पॅलेटमधली सड १ ते ३२ टक्के आहे आणि ती दाराच्या बाजूला जास्त आहे. पॅलेट ४ आणि १९ एकाच प्लॉटमधले आहेत. कारणाबद्दल आम्ही आत्ता काही म्हणत नाही, पण पाच पॅलेटची सरासरी सर्व २० पॅलेटना लावणं आम्हाला मान्य नाही.
>
> क्रेडिट नोटबद्दल: [अण्णा ठरवतील – पर्याय १ किंवा २]. आमच्या २९ मार्चच्या मेलमध्ये कोणतीही रक्कम मान्य केलेली नाही. रीपॅकिंगचा खर्च झाल्यावर बिलासह कळवावा.
>
> हे उत्तर दोन्ही बाजूंचे हक्क राखून दिलेलं आहे.

चौकटी कंस मुद्दाम ठेवते, पिवळ्या रंगात. फाईलमध्ये जे नाही आणि ठरवायचा अधिकार माझा नाही, ते मी गोड वाक्याने झाकत नाही. सर्व्हेअरची वेळ मला माहीत नाही. क्रेडिट नोट द्यायची की नाही हे अण्णांनी ठरवायचं. कंस भरल्याशिवाय मेल जाऊ शकत नाही, हाच त्यांचा उपयोग.

क्रेडिट नोटसाठी दोन वाक्यं तयार ठेवली. पहिलं, संयुक्त पाहणीचा निकाल येईपर्यंत क्रेडिट नोट देता येणार नाही. दुसरं, पाहणीत जे निघेल त्यानुसार एका मर्यादेपर्यंत विचार करू. सीएफआरमध्ये माल जहाजावर चढला की पुढची जोखीम बायरची असते, म्हणून प्रवासात बिघाड झाला असेल तर आमच्याकडे क्रेडिट नोट मागणं बरोबर नाही. पण माल चढतानाच आत दोष असेल, तर सीएफआर आम्हाला वाचवत नाही. शिवाय क्रेडिट नोट दिली की बीजकाची रक्कम कमी होते, ते बँकेला कारणासह दाखवावं लागतं. हे सगळं मेलमध्ये लिहिलं नाही. अण्णांसाठी वेगळ्या चिठ्ठीवर पाच ओळींत लिहिलं.

लेखी सूचनेची प्रत मागण्याचं कारणही त्याच चिठ्ठीवर. हेग-व्हिस्बी नियमांप्रमाणे वरून न दिसणारं नुकसान असेल, तर माल मिळाल्यापासून तीन दिवसांत लाइनला लेखी कळवायचं असतं. नाही कळवलं तर दावा मरत नाही, पण माल चांगला मिळाला असं धरून चालतात आणि उलटं सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर येतो. दाव्यासाठी मुदत एक वर्षाची. बायरने म्हटलंय ‘लाइनला कळवलं आहे’, पण कधी आणि कसं, ते ४३ मेलमध्ये कुठेच नाही.

४.०५

अण्णांचा फोन. त्यांनी मसुदा मोबाइलवर वाचला होता.

“ताई, एवढं लांब? क्रेडिट नोट देत नाही, एवढंच कळवायचं होतं.”

“अण्णा, उद्या सकाळी ते माल फोडणार आहेत. एकतीस तारखेच्या मेलमध्ये लिहिलंय.”

“असं? कुठे?” फाईल त्यांनी उघडलीच नव्हती, आणि त्यांनी ती वाचावी अशी माझीही अपेक्षा नव्हती. पान नंबर सांगितला. वाचून झाल्यावर त्यांचा सूर बदलला.

“मग सरळ लिहा ना, लाइनने यंत्र बंद ठेवलं म्हणून.”

“लॉगर हातात आला की लिहू. आत्ता लिहिलं आणि लॉगरवर शून्यच निघालं तर?”

“प्लॉटचं तर पक्कं आहे ना?”

“प्लॉटचं पक्कं. म्हणून तेवढंच लिहिलंय.”

त्यांनी तिथल्या सर्व्हेअरला फोन लावला आणि दहा मिनिटांनी परत आले. गुरुवारी सकाळी ८, तिथल्या वेळेने. फी आम्ही द्यायची. क्रेडिट नोटसाठी पहिला पर्याय. एक वाक्य मात्र त्यांनी बदलायला लावलं. ‘मान्य नाही’च्या जागी ‘पूर्ण पाहणीआधी मान्य करता येत नाही’. पाच हंगाम व्यवहार केलेला बायर आहे, पुढच्या जानेवारीत त्यालाच माल द्यायचाय. बदल योग्य होता. रकमेबद्दलचं वाक्य त्यांनी तसंच ठेवलं, आणि सेल्सच्या पोराशी मी बोलतो म्हणाले.

४.५०

पाठवण्याआधी जोडलेल्या फायली एकेक उघडून पाहिल्या. ट्रेसेबिलिटीच्या यादीत शेतकऱ्यांची नावं आणि फोन नंबर होते. ते बायरला पाठवायची गरज नाही, म्हणून नोंदणी क्रमांक आणि पॅलेट एवढेच रकाने ठेवून नवी पीडीएफ केली. विषय तोच ठेवला, एक अक्षर न बदलता, म्हणजे हे उत्तर त्याच साखळीत बसेल. मेल गेला तेव्हा रॉटरडॅमला दुपारचे १.२० झाले होते. सेल्सला कॉपी आणि वर एक ओळ, ह्या प्रकरणात पुढचे मेल माझ्या टेबलावरून जातील.

मग फॉरवर्डरला वेगळा मेल: लाइनकडून यंत्राची पूर्ण नोंद मागवा, परत येणाऱ्या हवेच्या तापमानासह, ट्रान्सशिपमेंटच्या बंदरातल्या तासांसकट.

६.२०

क्वालिटी मॅनेजरचं उत्तर. रीपॅकिंग गुरुवारी दुपारी १२ पर्यंत थांबवलं आहे, त्यापुढे मालासाठी थांबता येणार नाही. दुसरा लॉगर असल्याचं त्यांना माहीत नव्हतं, गोडाऊनला शोधायला सांगितलंय. लाइनला दिलेल्या सूचनेची प्रत जोडली होती, तारीख २८ मार्च. अकाउंट्सच्या मागणीबद्दल एक शब्द नाही.

प्रत उघडून तारीख, पाठवणारा आणि ज्याला पाठवली तो लाइनचा स्थानिक एजंट, तिन्ही जुळवले. तीन दिवसांच्या आत आहे. अण्णांना व्हॉट्सअॅप केला: ‘पाहणी सकाळी ८ ते १२. सर्व्हेअरला लोडिंग प्लॅन पाठवते. ८ ते १६ नंबरचे पॅलेट आधी पाहायला सांगा.’ आणि प्लॅनची प्रत काढायला प्रिंटरकडे गेले.